तुमचा चेहरा वाकडा आहे की फोटो? तीन मिलिमीटरचा हिशोब आणि सलूनमध्ये होणाऱ्या दुरुस्त्या

सोलापुरात नवी पेठेत कपड्यांच्या दुकानात काम करणारा माझा एक मित्र आहे, वय २४. दुकानाच्या रीलमध्ये साड्या, ड्रेस मटेरियल दाखवायचं काम त्याच्याकडे आलं आणि महिनाभरात त्याने कॅमेऱ्यासमोर यायचंच बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाला, "माझी डावी भुवई वर चढलेली आहे, जबडा एका बाजूला जास्त आहे. आरशात कधी दिसलं नाही, पण व्हिडीओत लगेच दिसतं."

इन्स्टाग्रामवर चेहरा उलटा करून दाखवणारा फिल्टर वापरलेल्या प्रत्येकाला हे वाक्य ओळखीचं वाटेल. म्हणून त्याचाच चेहरा आम्ही पट्टी घेऊन मोजला. काय सापडलं ते पुढे सांगतो. आधी आरसा आणि कॅमेरा यांचं भांडण बघू.

आरशात बरा, फोटोत वाकडा असं का?

आरशात तुम्ही स्वतःला उलटं बघता. डावी भुवई डावीकडेच दिसते. फोटोत ती समोरच्याला दिसते तशी, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला येते. इतकी वर्षं एका बाजूला असलेला बारीक फरक अचानक दुसऱ्या बाजूला गेला, की डोळ्यांना तो दुप्पट वाटतो. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःचा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला बरं वाटतं. तुमचा फोटो तुम्हाला खटकतो, तेव्हा तुमच्या आईला तो नेहमीसारखाच दिसत असतो.

दुसरा भाग अंतराचा. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत कॅमेऱ्याच्या जवळचा भाग फुगतो. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब करून दाखवलं होतं, की पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आता सेल्फी काढताना मान जरा जरी वळली, तरी एक गाल कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि मोठा दिसतो. त्यामुळे सेल्फीवरून स्वतःच्या चेहऱ्याचं माप काढू नये.

मग किती फरक नॉर्मल?

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा जवळपास सापडतच नाही. सर्वसाधारण, निरोगी चेहरे मोजले तर डाव्या-उजव्या बाजूंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक नेहमीचा असतो. कपाळ आणि डोळ्यांपेक्षा हनुवटी आणि जबड्याकडे तो थोडा जास्त मिळतो.

बघणाऱ्याचं गणितही जवळपास तिथेच येतं. फोटोतला ओठाचा कोपरा किंवा भुवई कम्प्युटरवर थोडी थोडी खाली सरकवून लोकांना दाखवली, तर साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास त्यांना काहीतरी वेगळं जाणवू लागतं. त्याच्या आत असेल, तर ते फक्त तुम्हालाच दिसतंय. पापणी मात्र याहून नाजूक आहे. तिथला थोडासा फरकही पटकन डोळ्यात भरतो.

घरी मोजायचं कसं?

यासाठी ॲप लागत नाही. माणसाच्या डोळ्यातल्या काळ्या किंवा तपकिरी गोलाची, म्हणजे बुबुळाची रुंदी मोठ्या माणसांत साधारण १२ मिलिमीटर असते. ती माणसागणिक फार बदलत नाही, म्हणून प्रत्येक फोटोत एक पट्टी आयतीच छापलेली असते असं समजा.

दुसऱ्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने, पाच-सहा फुटांवरून, थोडं झूम करून फोटो काढायला सांगा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा आणि उजेड समोरून. चष्मा काढा, केस मागे घ्या, दात हलके जुळवा, हसू नका. दोन्ही कान सारखेच दिसतायत ना, ते तपासा. एक जास्त दिसत असेल तर मान वळली आहे, फोटो परत काढा.

मग तो फोटो लॅपटॉपवर उघडा आणि पट्टीने मोजल्यावर बुबुळ १२ मिलिमीटर भरेल इतका मोठा करा. आता पडद्यावरचा चेहरा जवळपास खऱ्या आकाराचा झाला. दोन्ही बाहुल्यांतून जाणारी आडवी रेघ हा तुमचा पाया. भुवया, ओठांचे कोपरे, कान या रेघेपासून किती वर-खाली आहेत ते दोन्ही बाजूंनी मोजा. जबड्यासाठी दोन डोळ्यांच्या मधोमध उभी रेघ धरा. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, त्यामुळे तीन फोटो काढून तिन्हींत जे सारखं येईल तेच खरं माना.

मित्राचं माप असं आलं. भुवयांत फरक दीड मिलिमीटर, ओठांच्या कोपऱ्यांत एक. जबडा उजवीकडे ३ मिलिमीटर जास्त. आणि डावा कान उजव्यापेक्षा ५ मिलिमीटर खाली. ज्या भुवईवरून सगळं सुरू झालं, ती हद्दीच्या आतच होती. कानाचा विचार त्याने कधी केलाच नव्हता.

खरा घोळ चष्म्यात

चष्मा कानांवर टेकतो. डावा कान खाली असल्यामुळे फ्रेम डावीकडे झुकलेली होती. फ्रेम खाली गेली की तिच्यात आणि भुवईत जागा जास्त दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं भुवईच वर चढली आहे. फ्रेम म्हणजे चेहऱ्यावरची सगळ्यात ठळक आडवी रेघ. ती तिरकी झाली की सरळ गोष्टीही तिरक्या दिसतात.

चष्म्याच्या दुकानात हे पाच मिनिटांचं काम आहे. ज्या बाजूला फ्रेम खाली आहे, त्या बाजूची काडी कानामागे थोडी खाली वाकवतात, मग पुढची बाजू वर येते. वर असलेल्या बाजूची काडी वर वाकवली तरी तोच परिणाम होतो. प्लास्टिकची फ्रेम आधी गरम करावी लागते, घरी वाकवायला गेलात तर तुटते. फ्रेम टेबलावर ठेवल्यावर डगमगेल, त्याची काळजी करू नका. ती टेबलावर नाही, तुमच्या डोळ्यांच्या रेघेला समांतर असायला हवी.

दुसरा घोळ कल्ल्यांचा. बरेच कारागीर कल्ले कानाच्या अंदाजाने कापतात. कान वर-खाली असतील तर कल्लेही तसेच होतात. सलूनमध्ये फक्त इतकं सांगा, "कान बघू नका, समोरच्या आरशात दोन्ही सरळ रेषेत घ्या." कारागिराने तुमच्या मागे उभं राहून, तुमची मान सरळ असताना आरशात बघून खूण करायची आणि मग बाजूला येऊन कापायचं.

जबड्यासाठी दाढी. उजवी बाजू ३ मिलिमीटर भरलेली, म्हणून ट्रिमर उजवीकडे ४ मिलिमीटरवर आणि डावीकडे ६ वर ठेवला. दोनाचाच फरक, तोही कानाखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. हनुवटीवर दोन्हीकडे सारखंच. पूर्ण तीन भरायला गेलात तर बाजूने बघताना दाढी उघड वेगळी दिसते. दर चार-पाच दिवसांनी हे पुन्हा करावं लागतं, नाहीतर मेहनत जाते.

त्याचा जबडा एका बाजूला का भरला, याचं उत्तर बहुधा डावीकडच्या किडलेल्या दाढेत आहे. गेली दोन वर्षं तो सगळं उजवीकडूनच चावतोय, आणि सोलापुरात सगळं म्हणजे त्यात कडक भाकरीही आली. चावण्याचा स्नायू एका बाजूने जास्त वापरला की जाड होऊ शकतो. त्यामुळे 'जॉलाइन'साठी तासन्‌तास च्युइंगम चघळायचे व्हिडीओ बघून कुणी तेच करत असेल, तर जबड्याचा सांधा दुखण्याची तयारी ठेवा. मित्राला आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

भुवया, भांग आणि टिकली

थ्रेडिंग करताना आपण स्वतःच हाताने कातडी ताणून धरतो. दोन्ही बाजूंना ताण सारखा नसतो, आणि हात सोडला की कमानी वेगळ्या निघतात. म्हणून ताणण्याआधी, चेहरा सैल असताना पेन्सिलने आकार काढून घ्यायला सांगा. फरक ३ मिलिमीटरच्या पुढे असेल तर खाली असलेल्या भुवईची खालची एक ओळ आणि वर असलेल्या भुवईची वरची एक ओळ काढतात. एकाच भुवईतून सगळी कसर भरून काढली की ती बारीक होते आणि नवाच फरक तयार होतो.

पण त्याआधी एक गोष्ट बघा. ज्या बाजूची भुवई वर आहे, त्याच बाजूची पापणी खाली आहे का? असेल, तर पापणी उचलायला कपाळाचा स्नायू भुवई ओढत असू शकतो. अशी भुवई कोरून उपयोग नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना पापणी दाखवा.

मधोमध भांग पाडला की बघणाऱ्याला चेहऱ्याचे दोन सारखे भाग मोजायला आयती रेघ मिळते. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घेतलेला भांग ती रेघ मोडतो. नाक थोडं वाकडं असेल तर टिकली नाकाच्या रेषेत न लावता दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांच्या मधोमध लावा. नथ तर डाव्या नाकपुडीतच असते, आणि तिच्याकडे बघताना उजवी-डावी बाजू कुणी मोजत बसत नाही.

कंगवा ठेवून डॉक्टरकडे कधी जायचं?

आपल्या सिनेमातला या विषयाचा सगळ्यात ओळखीचा चेहरा ललिता पवार यांचा. १९४२ साली एका शूटिंगमध्ये भगवान दादांनी मारलेली थप्पड जोरात लागली, चेहऱ्याला लकवा आला आणि डाव्या डोळ्याला इजा झाली. तीन वर्षं उपचार चालले. नायिकेच्या भूमिका गेल्या, आणि पुढे त्याच डोळ्यासह त्यांनी 'अनाडी'पासून 'रामायण' मालिकेतल्या मंथरेपर्यंतच्या भूमिका केल्या. हा मज्जातंतूला झालेल्या इजेचा फरक होता, जन्मापासूनचा नव्हे. ओळखायची खूण म्हणजे चेहरा हलवताना काय होतं.

भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा. नॉर्मल फरक असलेल्या चेहऱ्यात दोन्ही बाजू हलतात. एक बाजू हललीच नाही, डोळा पूर्ण मिटला नाही, किंवा पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत नसलेला फरक आता वाढत चाललाय, तर डॉक्टरांना दाखवा. आणि तोंड अचानक एका बाजूला ओघळलं, सोबत हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. बरं वाटेल म्हणून वाट न बघता लगेच १०८ ला फोन करा.

मित्राच्या बाबतीत चष्मा, कल्ले आणि दाढी मिळून एक दुपार गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढून मोजला. कान अर्थातच अजून ५ मिलिमीटर खाली आहे. पण फ्रेम बाहुल्यांच्या रेघेला समांतर आली होती. डावी भुवई वर वाटते का, म्हणून मी तोच फोटो ऑफिसमध्ये चौघांना दाखवला. एकाने विचारलं, "कुठली भुवई?" बाकी तिघांनी शर्ट कुठून घेतला ते विचारलं.