साठ दिवस म्हणजे नेमके किती दिवस? रेल्वे आरक्षणाचा थोडा इतिहास आणि आपल्या कामाचा हिशोब

आमच्या रिठदची आणि आजूबाजूच्या गावांची कितीतरी पोरं मुंबईला कामाला आहेत. दिवाळीला ती गावी येतात आणि भाऊबीज झाली की परत निघतात. रिसोड तालुक्यात रेल्वे नाही, म्हणून कोणी वाशीम स्टेशनवरून जातं, तर मुंबईवाले बहुतेक अकोल्याहून गाडी धरतात. दरवर्षी एकच गाऱ्हाणं ऐकू येतं, "आरक्षण उघडल्या दिवशीच पाहिलं, तरी वेटिंग लागलं." आता गर्दी आहे, गाड्या कमी आहेत, हे खरंच. पण बऱ्याच वेळा ज्याला आपण 'उघडण्याचा दिवस' समजतो तो एक दिवस आधीच होऊन गेलेला असतो. म्हणून आज हा विषय जरा नीट मांडतो.

आधी थोडा इतिहास. आगाऊ आरक्षणाची मुदत कायम एकच होती असं नाही. २००८ च्या फेब्रुवारीत ती ६० दिवसांची ९० झाली. १० मार्च २०१२ पासून १२० झाली. सव्वा वर्षाच्या आतच, १ मे २०१३ ला, परत ६० वर आली. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१५ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ती पुन्हा १२० करायचं जाहीर झालं आणि १ एप्रिल २०१५ पासून ते लागू झालं. पुढे साडेनऊ वर्षं तेच चाललं. १ नोव्हेंबर २०२४ पासून गाडी परत ६० वर आली.

हा झोका का चालतो? मुदत लांब ठेवली तर लोक 'असू द्या' म्हणून तिकीट काढून ठेवतात आणि नंतर रद्द करतात. २०२४ च्या बदलाच्या वेळी रेल्वेनेच सांगितलं होतं, की ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी साधारण २१ टक्के रद्द होतात आणि पाचेक टक्के लोक रद्दही करत नाहीत, प्रवासालाही येत नाहीत. उलट मुदत छोटी ठेवली तर सगळी झुंबड थोड्या दिवसांत येते. मुदत वाढवा की कमी करा, दोन्ही वेळेला दलालांना आळा घालण्याची भाषा होतीच.

माझं मत विचाराल तर आपल्यासारख्यांना ६० दिवसच बरे. बांधकामावर किंवा कंपनीत रोजंदारीवर असलेल्या पोराला जूनमध्ये दिवाळीची सुट्टी कोण सांगणार? आणि चार महिने आधी घरच्या चौघांच्या तिकिटाचे पैसे अडकवून ठेवणं ज्याला परवडतं, त्याच्याच सोयीची ती १२० दिवसांची मुदत होती. पण मुदत छोटी झाली की पहिल्या सकाळचं मोल वाढतं. म्हणून मोजणी चुकली की नुकसानही मोठं होतं.

आता मोजणीकडे या. नियम दोन आहेत.

पहिला: साठ दिवसांत प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे ज्या तारखेला गाडी निघते तिच्यातून सरळ ६० वजा करायचे. त्या दिवशी सकाळी ८ वाजता आरक्षण उघडतं. 'दोन महिने आधी' असं मोजू नका. २४ ऑगस्ट ते २४ ऑक्टोबर हे ६१ दिवस होतात, म्हणजे २४ ऑगस्टला गेलात तर काहीच उघडलेलं नसेल. उलट २४ जानेवारी ते २४ मार्च हे लीप वर्ष सोडलं तर ५९ च दिवस, म्हणजे तुम्ही एक दिवस उशिरा पोचलात.

दुसरा नियम बहुतेकांना माहीतच नसतो. हे ६० दिवस गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून ज्या तारखेला सुटते त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही जिथे चढता तिथल्या तारखेपासून नाही. गाडी एकच, डबे तेच, म्हणून सगळ्या स्टेशनांसाठी आरक्षण एकाच सकाळी उघडतं.

उदाहरण घेऊ. नागपूर–मुंबई सेवाग्राम एक्स्प्रेस रात्री नऊच्या सुमारास नागपूरहून सुटते आणि अकोल्याला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. २०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती. समजा एकाला शुक्रवारी जेवूनखाऊन घरून निघायचं होतं आणि रात्री अकोल्याला ही गाडी धरायची होती. अकोल्याला गाडी येते तेव्हा तारीख २५ ऑक्टोबर झालेली असते. तिकिटावरही चढण्याची तारीख २५ च येते. तो बिचारा २५ मधून ६० वजा करतो आणि २६ ऑगस्टला सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसतो. पण गाडी नागपूरहून निघाली २४ ला. ऑगस्टचे ६, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे २४ मिळून झाले ६०. म्हणजे आरक्षण उघडलं सोमवारी, २५ ऑगस्टला. हा गडी पूर्ण २४ तास मागे राहिला. नागपूर-वर्ध्याच्या माणसाची अशी चूक होत नाही, कारण त्याच्याकडे तारीख बदललेलीच नसते.

तत्काळलाही हीच मेख आहे. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. पण तो एक दिवसही पहिल्या स्टेशनवरूनच मोजायचा. वरच्या गाडीचं तत्काळ २३ तारखेला उघडणार, २४ ला नाही. वाशीमवरून जाणाऱ्या जयपूर–हैदराबादसारख्या लांबच्या गाड्या आपल्याकडे दुसऱ्या दिवशी येतात, त्यांनाही हाच हिशोब.

ओळखायचं कसं? गाडीच्या वेळापत्रकात प्रत्येक स्टेशनपुढे 'दिवस' असा रकाना असतो. तुमच्या स्टेशनपुढे १ असेल तर चढण्याच्या तारखेतून ६० वजा करा, २ असेल तर ६१, ३ असेल तर ६२. वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून दरवेळी रकाना बघूनच मोजा.

मुदत बदलते तेव्हा तर आणखीच गोंधळ. ३१ ऑक्टोबर २०२४ ला २८ फेब्रुवारीपर्यंतच्या गाड्यांचं आरक्षण मिळत होतं. दुसऱ्या दिवशी हीच हद्द ३१ डिसेंबरवर आली. ज्यांनी आधी तिकीट काढलं होतं त्यांचं कायम राहिलं, पण जानेवारी-फेब्रुवारीच्या गाड्या बाकीच्यांसाठी बंद होऊन एकेक दिवसाने पुन्हा उघडत गेल्या.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०२५ पासून ऑनलाइन आरक्षण उघडल्यावर सुरुवातीचा वेळ आधार जोडलेल्या खात्यांनाच मिळेल असा नियम आला. त्यामुळे घरातल्या एकाचं तरी खातं आधीच आधारला जोडून ठेवा, त्या सकाळी ते काम होत नाही.

माझी मागणी साधी आहे. 'आज अमुक तारखेला इथे येणाऱ्या गाडीचं आरक्षण उघडलं' एवढी एक ओळ वाशीम आणि अकोला स्टेशनच्या फलकावर रोज गाडीवार लिहावी. हिशोब रेल्वेकडे तयारच असतो. तोवर सणाच्या आधी गावातल्या एखाद्या पोराने दोन-चार गाड्यांच्या तारखा काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्या, तरी पुष्कळांचं काम होईल. तुमच्या गाडीची तारीख काढून हवी असेल तर खाली गाडीचं नाव, चढण्याचं स्टेशन आणि तारीख लिहा, मोजून देतो.