एवढी की अशी?

योहानाच्या शुभवर्तमानातले ३:१६ हे वचन मराठी बायबलमध्ये देवाच्या प्रीतीला ‘एवढी’ म्हणते. वाचणारा साहजिकच प्रीतीचे माप काढतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘हूतोस’. त्याचा नेहमीचा अर्थ ‘अशा रीतीने’. लॅटिन बायबलातही तिथे ‘सिक’, म्हणजे ‘असे’, आहे.

दोनच ओव्यांआधी, ३:१४ मध्ये, हाच शब्द येतो: मोशेने रानात सर्प जसा उंच केला, ‘तसे’ मनुष्याच्या पुत्राला उंच केले जावे. तिथे ‘एवढे’ बसतच नाही. म्हणून सोळाव्या ओवीतही प्रीतीची रीत आधी दिसायला हवी: पुत्र देणे, हीच ती रीत.

तरी ‘एवढी’ चूक ठरत नाही. गलतीकरांच्या पत्रात (३:३) पौल ‘इतके मूर्ख’ म्हणतो, तेव्हा हूतोसच वापरतो.

मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा शब्द आहेच. कुणी म्हणाले, ‘असा पाऊस झाला की ओढे भरून वाहिले’, तर त्या ‘असा’मध्ये पावसाची तऱ्हाही येते आणि जोरही. उपासनेत मात्र आजही ‘एवढी’च ऐकू येते.