दोन सॉर्टेड अ‍ॅरे एकाच अ‍ॅरेमध्ये कसे मिसळायचे? मागून भरण्याची सोपी युक्ती

आज आपण एक छोटासाच प्रश्न बघणार आहोत, पण हा प्रश्न एकदा माझ्या अंगलट आला होता. म्हणून आधी तो किस्सा सांगतो.

कॉलेजच्या कार्यक्रमाची नोंदणी दोन टेबलांवर चालू होती. दोन्हीकडच्या याद्या रोल नंबरप्रमाणे चढत्या क्रमाने लावलेल्या होत्या. त्या एकत्र करून गेटवर एकच यादी द्यायची, एवढंच माझं काम होतं. मी सी मध्ये पटकन प्रोग्रॅम लिहिला, आउटपुट बघितलं, नंबर छान क्रमाने दिसले, प्रिंट काढली. संध्याकाळी दोन मुलं गेटवर अडकली. पैसे भरलेले, पावती हातात, पण यादीत नंबरच नाही! चूक टेबलवाल्यांची नव्हती. ते दोन नंबर माझ्या प्रोग्रॅमने खाल्ले होते.

## नेमका प्रश्न काय आहे?

खरी यादी मोठी होती, आपण समजण्यासाठी छोटी घेऊ.

```
a = [10, 30, 40, 70, 0, 0, 0]    m = 4
b = [20, 40, 50]                 n = 3
```

`a` मध्ये खरे नंबर फक्त `m` म्हणजे ४ आहेत. पुढचे तीन शून्य म्हणजे रिकाम्या जागा. `b` मध्ये `n` म्हणजे ३ नंबर आहेत. दोन्ही अ‍ॅरे आधीच सॉर्ट केलेले आहेत. आता `b` चे सगळे नंबर `a` मध्येच आणायचे, क्रम बिघडू द्यायचा नाही आणि तिसरा अ‍ॅरे वापरायचा नाही. लीटकोडवर हाच प्रश्न ८८ व्या नंबरवर आहे.

४० हा नंबर दोन्हीकडे आहे, तो मुद्दाम ठेवलाय. त्या मुलाने दोन्ही टेबलांवर नाव दिलं होतं. आपलं काम याद्या मिसळण्याचं आहे, डुप्लिकेट काढण्याचं नाही. त्यामुळे उत्तरात ४० दोनदा यायलाच हवा.

## पुढून भरलं तर काय होतं?

मी जे केलं ते कुणीही पहिल्यांदा करेल. डावीकडून सुरुवात करायची, दोन्हींतला लहान नंबर निवडायचा आणि `a` मध्ये लिहायचा.

१० आणि २० मध्ये १० लहान. तो आधीच जागेवर आहे, पुढे चला. आता ३० आणि २०. लहान २०, म्हणून तो `a` च्या दुसऱ्या जागेवर लिहिला. पण तिथे ३० होता ना! त्याच्यावरच २० लिहिला गेला आणि ३० कायमचा गेला. पुढे ४० आणि ४० सारखे, म्हणून `a` चा ४० तसाच ठेवला. मग ७० आणि ४०. लहान ४०, तो ७० वर लिहिला आणि ७० पण गेला. शेवटी उरलेला ५० रिकाम्या जागेत बसला.

```
[10, 20, 40, 40, 50, 0, 0]
```

आता नीट बघा. शेवटचे शून्य सोडले तर ही यादी एकदम क्रमाने आहे. म्हणूनच मी फसलो. मी फक्त क्रम तपासला, संख्या मोजलीच नाही. ४ आणि ३ मिळून ७ नंबर हवे होते, इथे ५ च आहेत. याद्या मिसळल्यावर पहिली तपासणी संख्येची करायची, हे मी त्या दिवशी शिकलो.

यावर एक उपाय सुचतो. २० लिहिण्याआधी ३०, ४०, ७० एकेक घर उजवीकडे सरकवायचे. उत्तर बरोबर येतं, पण काम खूप वाढतं. समजा दोन्हीकडे हजार-हजार नंबर आहेत आणि `b` चे सगळे नंबर `a` पेक्षा लहान आहेत. मग `b` च्या प्रत्येक नंबरासाठी `a` चे हजारच्या हजार नंबर सरकवावे लागतील, म्हणजे एकूण १० लाख वेळा सरकवासरकवी.

## मागून भरा

वर्गाचा ग्रुप फोटो आठवा. एका बाकावर मुलं उंचीप्रमाणे बसली आहेत, बुटकी डावीकडे, उंच उजवीकडे. उजव्या टोकाला तीन जागा रिकाम्या आहेत आणि तीन नवीन मुलं आली. बुटक्या मुलाला मध्ये घुसवायला गेलात तर सगळ्यांना उठवावं लागेल. त्यापेक्षा सगळ्यात उंच कोण ते बघा आणि त्याला सरळ शेवटच्या जागेवर बसवा. ती जागा रिकामीच आहे, कुणाला त्रास नाही. मग उरलेल्यांतला सगळ्यात उंच त्याच्या डावीकडे. असंच पुढे.

अ‍ॅरेमध्ये यासाठी तीन खुणा ठेवायच्या. `i` ही `a` च्या शेवटच्या खऱ्या नंबरावर, `j` ही `b` च्या शेवटच्या नंबरावर आणि `k` ही `a` च्या अगदी शेवटच्या जागेवर. इंडेक्स शून्यापासून मोजतो, म्हणून आपल्या उदाहरणात सुरुवातीला `i` = 3, `j` = 2, `k` = 6.

- ७० आणि ५०: मोठा ७०, तो जागा 6 वर.
- ४० आणि ५०: मोठा ५०, तो जागा 5 वर.
- ४० आणि ४०: सारखे. `b` चा ४० घेतला, तो जागा 4 वर.
- ४० आणि २०: मोठा ४०, तो जागा 3 वर.
- ३० आणि २०: मोठा ३०, तो जागा 2 वर.
- १० आणि २०: मोठा २०, तो जागा 1 वर.

`b` संपला. १० पहिल्यापासून जागा 0 वर आहेच, त्याला हात लावायची गरज नाही.

```
[10, 20, 30, 40, 40, 50, 70]
```

सात नंबर, क्रम बरोबर, कुणी हरवलं नाही. हजार-हजारच्या याद्यांतही जास्तीत जास्त २००० वेळाच लिहावं लागतं.

सारखे नंबर आल्यावर `b` चा आधी का घेतला? आपण मागून भरतोय, म्हणून आधी घेतलेला उजवीकडे जातो. त्यामुळे `a` चा ४० आधी आणि `b` चा नंतर, असा मूळ क्रम टिकतो. नुसत्या नंबरांना याने फरक पडत नाही, पण नंबराबरोबर नाव किंवा वेळ असेल तर पडतो.

## मागून लिहिताना काही पुसलं का जात नाही?

हे समजलं की युक्ती पाठ करावी लागत नाही. `k` आणि `i` यांच्यातलं अंतर बघा. सुरुवातीला ते ३ आहे आणि `b` मध्येही ३ च नंबर बाकी आहेत. हा योगायोग नाही.

`a` चा नंबर उचलला तर `i` आणि `k` दोन्ही एक-एक घर मागे येतात, म्हणजे अंतर तेवढंच राहतं. `b` चा नंबर उचलला तर फक्त `k` मागे येतो, म्हणजे अंतर एकने कमी होतं आणि `b` मधला बाकी नंबरही एकने कमी होतो. म्हणून हे अंतर कायम `b` मध्ये उरलेल्या नंबरांइतकंच असतं.

याचा अर्थ, `b` मध्ये एकही नंबर शिल्लक आहे तोवर `k` ही `i` च्या पुढेच असणार. आपण अजून न वाचलेल्या नंबरावर लिहूच शकत नाही. आणि `b` संपला की अंतर शून्य होतं, म्हणजे `a` चे उरलेले नंबर आपापल्या योग्य जागीच आहेत.

## कोड

मोबाइलवरच्या कुठल्याही पायथन अ‍ॅपमध्ये हा चालवून बघता येईल.

```python
def merge(a, m, b, n):
    i, j, k = m - 1, n - 1, m + n - 1
    while j >= 0:
        if i >= 0 and a[i] > b[j]:
            a[k] = a[i]
            i -= 1
        else:
            a[k] = b[j]
            j -= 1
        k -= 1
```

लूप फक्त `j` वर चालतोय, कारण `b` संपला की काम संपलं.

## कुठे चुकतं?

दोन चुका खूप जण करतात आणि दोन्ही एकाच टेस्टमध्ये पकडल्या जातात. ती टेस्ट अशी: `a = [50, 0, 0]`, `m = 1`, `b = [20, 30]`, `n = 2`. म्हणजे `a` चे नंबर आधी संपले पाहिजेत.

पहिली चूक म्हणजे लूपची अट `i >= 0 and j >= 0` अशी लिहिणं आणि `b` चं उरलेलं विसरणं. ५० शेवटी जातो, `a` संपतो, लूप थांबतो. उत्तर येतं `[50, 0, 50]`. २० आणि ३० बाहेरच राहिले.

दुसरी चूक म्हणजे `if` मधलं `i >= 0` गाळणं. पायथनमध्ये `a[-1]` म्हणजे शेवटचा नंबर, त्यामुळे तिथल्या तिथे एरर येत नाही. प्रोग्रॅम नुकताच लिहिलेला ५० पुन्हा वाचतो, पुन्हा लिहितो आणि `a` चं `[50, 50, 50]` करून टाकतो. त्यानंतर कुठे `IndexError` दिसतो. सी मध्ये तर तेवढीही खात्री नाही, तिथे अ‍ॅरेच्या बाहेरचं काहीही वाचलं जाऊ शकतं.

आणखी एक गोष्ट. शून्य दिसलं की जागा रिकामी, असं समजू नका. `[-5, 0, 8, 0, 0]` मध्ये `m` जर ३ असेल तर पहिला शून्य खरा नंबर आहे. रिकामी जागा कुठून सुरू होते हे फक्त `m` सांगतो.

ही युक्ती चालायला `a` च्या शेवटी निदान `n` जागा मोकळ्या हव्यात आणि दोन्ही अ‍ॅरे एकाच दिशेने सॉर्ट केलेले हवेत. यातलं एकही नसेल तर हा कोड वापरू नका.

## हे खरंच कुठे वापरतात?

टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी टिमसॉर्ट लिहिलं. पुढे जावा ७ मध्येही ते आलं. त्यात शेजारशेजारचे दोन सॉर्टेड तुकडे जोडायचे असतात. उजवा तुकडा लहान असेल तर आधी तो बाजूला कॉपी करतात. आता बघा, डावा तुकडा, त्याच्या शेवटी मोकळी जागा आणि बाजूला दुसरा अ‍ॅरे. हा आपलाच प्रश्न झाला! तिथेही मागूनच भरतात. पायथनच्या सोर्स कोडमध्ये त्या फंक्शनचं नाव `merge_hi` आहे.

त्या दोन मुलांना शेवटी पावती बघून आत सोडलं. मी घरी येऊन प्रोग्रॅम उलट्या बाजूने लिहिला आणि पहिल्यांदा नंबर मोजले. तुम्ही कोड लिहिलात की `[50, 0, 0]` वाली टेस्ट चालवा, मग `m = 0` ठेवून एकदा चालवा. दोन्ही वेळा मोजून नंबर पूर्ण आले तर यादी गेटवर द्यायला हरकत नाही.