शोभेच्या कुंड्या, विषारी : मांजर अथवा लहान मूल असलेल्या घरातील मांडणी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील सदनिकांत कुंड्यांना जागा मिळते ती मुख्यतः खिडकीच्या ग्रिलमध्ये, फ्रिजवर आणि दूरदर्शन संचाशेजारी. तेथे बहुधा आढळणारी मनी प्लांट, डिफेनबाकिया, सिंगोनियम, ॲग्लोनिमा व पीस लिली ही सर्व झाडे अळू-सुरणाच्या कुलातील आहेत. कच्च्या अळवाने घशाला खाज सुटते त्याच कारणाने ती चावणाऱ्यास त्रास होतो : पानांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असून पान चावताच ते जिभेत व हिरड्यांत रुततात. हे कुल ओळखण्याची खूण म्हणजे फुलोरा, ज्यात कणसासारख्या जाड दांड्याला एकच पानासारखे आवरण असते. मात्र घरात मनी प्लांट सहसा फुलत नाही, त्यामुळे तेथे हृदयाकृती पान व खोडाला कवेत घेणारा देठाचा तळ पाहावा लागतो.

या झाडांची बाधा लगेच जाणवते. मूल रडते, लाळ गाळते. मांजर पंजाने तोंड खाजवते व खाणे टाळते. जळजळीमुळे दुसरा घास बहुधा घेतला जात नाही, म्हणून तोंड पुसून व धुऊन मुलाला थंड दूध वा पाणी घोटघोट देणे सहसा पुरते. उलटी करवू नये, आणि जीभ सुजली किंवा श्वास अडखळला तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

खरा धोका न झोंबणाऱ्या झाडांचा असतो. पुष्पगुच्छातील खरी लिली (पीस लिली ही नावापुरतीच लिली) मांजराच्या मूत्रपिंडांना एक ते तीन दिवसांत निकामी करू शकते, आणि त्यासाठी अंगावर पडलेले परागकण चाटणे किंवा फुलदाणीतले पाणी पिणेही पुरते. प्रारंभी किरकोळ उलटीखेरीज काही दिसत नसल्याने लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठणे आवश्यक ठरते. मुलुंड-बोरिवलीहून परळच्या पशुरुग्णालयापर्यंतचा प्रवास लक्षात घेता जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक आधीच टिपलेला बरा. पूजेसाठी आणली जाणारी कण्हेर व बिट्टी म्हणजेच पिवळी कण्हेर यांतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, म्हणून मूल व मांजर दोघांसाठीही ती घरात नसावीत. निर्माल्यही उघडे ठेवू नये.

मांडणीचा प्रश्न दोघांसाठी सारखा नाही. रांगत्या मुलासाठी उंची उपयोगी पडते, पण ती जमिनीपासून नव्हे तर सोफ्यावर किंवा खुर्चीवर उभ्या मुलाच्या हातापासून मोजावी लागते. फ्रिजवरील बाटलीत लावलेला मनी प्लांट तेथे सुरक्षित असला तरी त्याची वेल हँडलपर्यंत उतरली की ती सुरक्षितता संपते. अशी वेल वरच छाटावी आणि गळलेली पाने रोज उचलावीत. मांजराला मात्र ओट्यावरून फ्रिजवर चढणे अवघड नसते, त्यामुळे तेथे झाड उंच ठेवण्यापेक्षा बदलणेच श्रेयस्कर : अरेका पाम व स्पायडर प्लांट विषारी नाहीत, जरी जास्त पाने खाल्ल्यास मांजर ओकू शकते. पाने चघळण्याची सवय सहसा सुटत नाही, म्हणून पसरट कुंडीत गहू पेरून त्याचे कोवळे अंकुर मांजरासाठी वेगळे ठेवतात.