डिजिलॉकरमधील पदवी : पडताळणी आणि तिच्या मर्यादा

डिजिलॉकर हे नागरिकांची प्रमाणपत्रे मोबाइलवर उपलब्ध करून देणारे केंद्र सरकारचे डिजिटल पाकीट असून ते २०१५ मध्ये सुरू झाले. विद्यापीठांच्या पदव्या त्यात ‘नॅड’ म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक भांडारातून येतात. २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, संस्थेने डिजिलॉकरमधून दिलेल्या दस्तऐवजाला मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. त्यामुळे नोकरी देणाऱ्याला पदवी क्षणात तपासता येते. मात्र ही तपासणी एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देते : ही नोंद संस्थेकडूनच आली आहे का, आणि नंतर तिच्यात कुणी फेरफार केला आहे का? नोंद मुळात खरी होती का, हे ती सांगत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या पदवीधराचे उदाहरण घेऊ. त्याची पदवी सहसा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची असते आणि विद्यापीठाचे मुख्यालय दोनशेहून अधिक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला आहे. पुण्यातल्या कंपनीला कागदी पदवी तपासायची तर परीक्षा विभागाशी पत्रव्यवहार करून उत्तराची वाट पाहावी लागते. विद्यापीठाने त्या वर्षाच्या नोंदी नॅडवर चढवल्या असतील, तर उमेदवार डिजिलॉकरमध्ये विद्यापीठ निवडतो, परीक्षेचा तपशील भरतो आणि पदवी ‘इश्यूड’ विभागात घेतो. पुढे त्याच्या संमतीने कंपनी ती थेट यंत्रणेतून मागवते किंवा तिच्यावरचा क्यूआर कोड तपासते. ‘अपलोडेड’ विभागातली फाइल मात्र उमेदवाराने स्वतः स्कॅन करून ठेवलेली असते, तिला हा दर्जा नाही. पडद्याचा फोटो किंवा छापील प्रत यांवरही विसंबता येत नाही.

क्षणात होणाऱ्या या तपासणीमागे डिजिटल सही असते. फाइलच्या मजकुरातून गणिती रीतीने एक छोटा ठसा काढतात आणि सही करणारा तो आपल्या गुप्त किल्लीने बांधतो. जाहीर किल्लीने तो कुणालाही पडताळता येतो. गुणांतला एक आकडा बदलला तरी ठसा जुळत नाही. पीडीएफ उघडल्यावर सहीपुढे प्रश्नचिन्ह दिसले, तर पदवी बनावट असेलच असे नाही. अनेकदा त्या संगणकाने सही प्रमाणित करणाऱ्या भारतीय संस्थेला अजून ओळखलेले नसते. सहीनंतर फाइल बदलल्याची सूचना आली, तर ती बाब गंभीर मानावी. सही नेमकी विद्यापीठाची आहे की त्याने पुरवलेली नोंद मांडणाऱ्या यंत्रणेची, हेही सहीच्या तपशिलातले नाव वाचून पाहावे.

विश्वासाची पहिली मर्यादा सहीच्या अलीकडे आहे. परीक्षा विभागातच चुकीची किंवा पैसे घेऊन नोंद घातली गेली, तर यंत्रणा ती तितक्याच तत्परतेने खरी ठरवते. हिमाचल प्रदेशातील मानव भारती विद्यापीठ हे कायद्याने स्थापन झालेले खासगी विद्यापीठ. त्याच्या नावाने हजारो पदव्या विकल्या गेल्याचा आरोप २०२० मधील तपासातून पुढे आला. अशा ठिकाणी सही खरी असू शकते आणि शिक्षण खोटे. यावर ब्लॉकचेनचा उपाय सुचवला जातो. महाराष्ट्राच्या कौशल्य विकास मंडळाने २०२१ मध्ये पदविका प्रमाणपत्रांसाठी तो अवलंबला. त्यामुळे चढलेली नोंद गुपचूप बदलणे अवघड होते. चढण्यापूर्वीची लबाडी मात्र त्यालाही पकडता येत नाही.

दुसरी मर्यादा माणूस आणि नोंद यांच्या जोडणीची. आपल्याकडच्या अनेक गुणपत्रिकांवर आडनाव आधी येते, आधारवर ते शेवटी असते; लग्नानंतर अनेक स्त्रियांचे नावच बदलते. नावे जुळली नाहीत तर खरी पदवीही मिळत नाही. जुन्या पदव्या तर अनेकदा चढवलेल्याच नसतात. १९९४ च्या नामविस्तारापूर्वीच्या पदवीवर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेच नाव आहे, आणि ते पाहून शंका घेणे चूक ठरेल. पदवी डिजिलॉकरमध्ये नसणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे.

मग कागदच बरा होता, असा आक्षेप निघू शकतो. तो टिकत नाही, कारण कागदालाही विद्यापीठाच्या दप्तरावरच विसंबावे लागत होते आणि शिवाय शिक्का व सही यांची नक्कल सोपी होती. डिजिटल पडताळणीने वाटेतली फसवणूक आवरली, उगमाची नाही. म्हणून नोकरी देणाऱ्याने पदवी थेट यंत्रणेतून मागवावी, संस्थेची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतंत्रपणे पाहावी, आणि नोंद सापडली नाही तर उमेदवाराला नाकारण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारावे.