फाटकावरच्या नोंदवहीत आपली माणसे

मॉरिशसमधल्या एका साखरकोठीच्या फाटकावरची जुनी वही स्कॅन होऊन आमच्या हाती आली. कोण बाहेर गेला, किती वाजता, कशासाठी, एवढेच पहारेकऱ्याने लिहिलेले. पण करारावर आलेल्या आपल्या पूर्वजांची एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्यामुळे ‘आजारी’ हा एक शब्दही कुणाच्या तरी पोटाशी जोडलेला होता.

आम्ही शिक्षिकांनी संगणकावर तक्ता आखला: पान, ओळ, वेळ, नाव, तिकीट क्रमांक, कारण. प्रत्येक गोष्टीला दोन रकाने ठेवले. पहिल्यात वहीत दिसते तसेच, दुसऱ्यात आम्ही लावलेले वाचन. शेवटी शेऱ्याचा रकाना: स्पष्ट, अंदाज किंवा अस्पष्ट. पान आणि ओळ हवीच, नाहीतर शंका आली की मूळ जागा सापडत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबे. तक्ता नावांप्रमाणे लावला की ओळी हलतात आणि टिंबांच्या वर भलताच माणूस येतो. दवाखान्यात गेलेला मग बाजारात जातो! म्हणून दुसऱ्या रकान्यात कारण पूर्ण लिहायचे आणि शेऱ्यात ‘टिंबांवरून’ नोंदवायचे.

एक नोंद सांगतो. वेळ 1 वाजून 30 की 7 वाजून 30? फ्रेंच वळणाचा 1 लांब शेंडी काढतो, 7 सारखाच दिसतो. वरची नोंद पावणेसातची, खालची सव्वाआठची, आणि वही वेळेच्या क्रमाने लिहिलेली. तेव्हा साडेसात, पण शेरा ‘अंदाज’.

नाव रामू की रानू? इंग्रजी अक्षराच्या कमानी दोन की तीन, शाई पसरल्याने मोजता येईनात. दोघींनी एकमेकींचे न पाहता वाचले, तर दोन वेगळी नावे आली. मग तिकीट क्रमांकाकडे वळलो. सहा अंकांतला पहिला इथेही 1 की 7 असाच होता. पण बेटावर आलेले मजूरच सुमारे साडेचार लाख, क्रमांक सात लाखांवर जाणार कसा? म्हणजे 1. हजारच्या जागी मात्र 3 की 8 ते कळेना. तिथे आम्ही प्रश्नचिन्हच ठेवले.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या नोंदवह्या आहेत. तिथे दोन्ही क्रमांक पाहिले. एक कलकत्त्याहून आलेल्या, अगदी वेगळ्या नावाच्या माणसाचा. दुसरा मुंबईहून आलेल्या रानूचा. दुसऱ्या रकान्यात रानू लिहिले, शेऱ्यात ‘मोका नोंदीवरून’. पहिल्या रकान्यातले प्रश्नचिन्ह तसेच राहू दिले.

पुढच्या पानावर तिकीट क्रमांक नसलेले तीन रामू आहेत. ते तिघे एकच की वेगळे, हे वही सांगत नाही. त्यांच्या तीन ओळी आम्ही वेगळ्याच ठेवल्या आहेत.