पादत्राणांची दुरुस्ती व पुनर्वापर

चर्मकाराच्या लहान दुकानात चपला-जोड्यांची दुरुस्ती आणि उरलेल्या रबर-चामड्याचा पुन्हा वापर. हत्यारे मोजकीच : रापी, आरी, हातोडी, कानस, लोखंडी तिपाई.

हवाई चपलेचा पट्टा बहुधा अंगठ्याजवळ निखळतो. पट्टा तुटला असेल तर नवा घालतात. भोक फाटून मोठे झाले असेल तर नवा पट्टाही टिकत नाही. अशा वेळी जुन्या टायरचा किंवा जाड चामड्याचा गोल तुकडा तळव्याखाली बसवून पट्ट्याची गुंडी त्यातून ओढून घेतात, म्हणजे ताण फाटलेल्या कडांवर येत नाही. तुकडा चिकटवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठे कानशीने खरवडून त्यांवर सोल्युशनचा पातळ थर देतात. तो बोटाला लागेनासा झाल्यावरच तुकडा ठोकून बसवायचा. ओल्यातच जोडल्यास द्रावक आत अडकतो आणि जोड काही दिवसांत सुटतो. घाईच्या कामातला हा नेहमीचा दोष.

झिजलेला रबरी तळ गंधकाने पक्का केलेला असल्याने वितळवून पुन्हा ओतता येत नाही. त्यातून टाचेचे तुकडे कापतात किंवा त्याचा भुगा करतात. पीव्हीसीची चप्पल मात्र वितळते, म्हणून भंगारात ती वेगळी काढणे आवश्यक ठरते.

चामड्याच्या कातरणीत कापलेली कड पाहावी. न रंगवलेल्या कातड्यात आतून निळसर-करडी कड बहुधा क्रोमची, तपकिरी कड साल-हिरड्याच्या कमावणीची. कोल्हापुरी चपलेचे कातडे दुसऱ्या प्रकारचे. त्याच्या जाड तुकड्यांपासून टाचेचे थर बनतात. क्रोमची कातरण जाळू नये. त्यातून विषारी क्रोमियम तयार होऊ शकते.